शहरवार विक्रीचा नकाशा : वर्तुळांचे माप आणि गर्दीची जागा



आज येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांचा संबंध पुस्तकांच्या विक्रीशी किंवा ग्रंथालयांशी आहे. वर्षअखेरीस शहरांची नावे आणि त्यांपुढे विकलेल्या प्रतींचे आकडे असलेली यादी आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा पाहिलेली असते. ही यादी नकाशावर उतरवली की ती चटकन समजते, असे आपण मानतो. प्रत्येक शहराच्या जागी एक वर्तुळ काढायचे. विक्री जास्त तर वर्तुळ मोठे, कमी तर लहान. इंग्रजीत अशा नकाशाला ‘बबल मॅप’ म्हणतात. आपण त्याला प्रमाणशीर वर्तुळांचा नकाशा म्हणू या. काम दिसते सोपे. परंतु त्यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली चूक वर्तुळ किती मोठे काढायचे या प्रश्नाची, आणि दुसरी, शहरे दाटीने वसलेली असतात तेथे वर्तुळे एकमेकांवर चढतात त्याची. या दोन चुकांविषयीच मी आज बोलणार आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो एका फजितीमुळे. मी भाषांतराचा व्यवसाय करणारी व्यक्ती. नकाशे काढणे हे काही माझे काम नव्हे. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेसाठी मराठी अनुवादांच्या विक्रीचे टिपण तयार करताना त्यासोबत भारताचा एक नकाशाही मी जोडला. पुढच्या वर्षी ग्रंथप्रदर्शने कोणत्या शहरांत न्यायची आणि कोठली बंद करायची, हे त्या बैठकीत ठरायचे होते. नकाशा टेबलावर पसरला गेला. इंदूर, बेळगाव, बडोदे ही शहरे त्यावर ठळक दिसत होती, आणि चर्चाही त्यांच्याविषयीच सुरू झाली. विक्री विभागातले एक वयस्कर गृहस्थ मात्र बराच वेळ कागदाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, “अहो, डोंबिवली कुठे आहे?” मी नकाशात पाहिले, तर डोंबिवली खरोखरच नव्हती. ठाणेही नव्हते. यादीत दोन्ही शहरे होती, नकाशावरही ती काढली गेली होती. पण त्यांच्यावर मुंबईचे भले मोठे वर्तुळ येऊन बसले होते.

त्या संस्थेचे आकडे येथे सांगणे योग्य नव्हे. म्हणून समजुतीपुरते मी गोल आकडे घेतो. ते कोणत्याही खऱ्या पुस्तकाचे नाहीत. शहरे आणि त्यांमधली अंतरे मात्र खरी आहेत. समजा, एका वर्षात मुंबईत ६,४०० प्रती खपल्या, पुण्यात ४,९००, ठाणे आणि नागपूर येथे प्रत्येकी १,६००, डोंबिवली आणि नाशिक येथे प्रत्येकी ९००, इंदूर आणि बेळगाव येथे प्रत्येकी ४००, बडोद्यात २२५, आणि हैदराबाद व दिल्ली येथे प्रत्येकी १००. एकूण अकरा शहरे आणि १७,५२५ प्रती. आता हा कोष्टकातला हिशेब आपण कागदावर उतरवू.

प्रथम वर्तुळाचे माप. मुंबईच्या वर्तुळाची त्रिज्या ८ मिलिमीटर घ्यायची असे ठरवले. मग हैदराबादची किती? सहज सुचणारे उत्तर असे की, हैदराबादची विक्री मुंबईच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकी आहे, तेव्हा त्रिज्याही चौसष्टावा हिस्सा घ्यावी. म्हणजे ती मिलिमीटरचा आठवा भाग येते. असे वर्तुळ कागदावर टाचणीच्या टोकाएवढेही दिसत नाही. पाहणाऱ्याला ते छपाईचा डाग वाटेल. हे असे का होते? वर्तुळाकडे पाहताना आपला डोळा त्रिज्या मोजत नाही. त्याला दिसतो तो वर्तुळाने व्यापलेला कागद, म्हणजे क्षेत्रफळ. आणि त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. त्रिज्या चौसष्टपट केली तर क्षेत्रफळ चौसष्ट गुणिले चौसष्ट, म्हणजे ४,०९६ पट होते. विक्रीतला फरक चौसष्टपटीचा, आणि नकाशा सांगतो चार हजार पटीचा! मोठ्या शहरांची अवाजवी थोरवी आणि लहान शहरांची अवाजवी उपेक्षा अशा दोन्ही गोष्टी या एकाच चुकीतून घडतात.

तेव्हा नियम असा की, क्षेत्रफळ विक्रीच्या प्रमाणात असावे. आणि त्यासाठी त्रिज्या विक्रीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावी. सूत्ररूपाने मांडायचे तर :

त्रिज्या = क × √विक्री

यातला ‘क’ हा आपण निवडायचा आकडा. तो सर्व शहरांना एकच असला पाहिजे. आपल्या उदाहरणात ६,४०० चे वर्गमूळ ८०. मुंबईची त्रिज्या ८ मिलिमीटर हवी, तर ‘क’ एक दशांश मिलिमीटर झाला. मग पुण्याचे वर्गमूळ ७०, त्रिज्या ७ मिलिमीटर. ठाणे आणि नागपूर ४ मिलिमीटर, डोंबिवली आणि नाशिक ३, इंदूर आणि बेळगाव २, बडोदे दीड, हैदराबाद आणि दिल्ली १ मिलिमीटर. हैदराबाद आता लहान आहे, पण दिसते. आणि मुंबईच्या वर्तुळात हैदराबादचा कागद बरोबर चौसष्ट वेळा मावतो.

ही रीत नवी नाही. १८०१ साली विल्यम प्लेफेअर याने देशांची विस्तारमाने दाखवण्यासाठी क्षेत्रफळाच्या हिशेबाने वर्तुळे काढली होती. १८३७ मध्ये आयर्लंडमधील रेल्वेमार्गांचा विचार करणाऱ्या आयोगासाठी हेन्री ड्र्युरी हार्नेस याने जे नकाशे तयार केले, त्यांत शहरांची लोकसंख्या लहानमोठ्या वर्तुळांनी दाखवली होती. त्या काळी त्रिज्या हाताने काढावी लागे, आणि वर्गमूळ काढताना माणसाला तो काय करीत आहे याचे भान राहत असे. आज संगणक हे काम क्षणात करतो, आणि नेमके तेथेच भान सुटते. काही प्रणालींत आपण दिलेला आकडा क्षेत्रफळ समजला जातो, काहींत त्रिज्या किंवा व्यास. काही प्रणाली आणखी एक गोष्ट परस्पर करतात : यादीतल्या सर्वांत लहान आकड्याला ठराविक किमान आकार, सर्वांत मोठ्याला ठराविक कमाल आकार देऊन मधले आकडे त्या दोन टोकांत बसवतात. अशा नकाशात लहानमोठ्याचा क्रम खरा असतो, पण किती पट याचा हिशेब खोटा असतो.

यातले काय घडले आहे हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे, आणि तिला पट्टीखेरीज काही लागत नाही. यादीत अशी दोन शहरे शोधा की एकाची विक्री दुसऱ्याच्या चौपट आहे. आपल्या यादीत नागपूर १,६०० आणि इंदूर ४०० ही अशी जोडी आहे. छापलेल्या कागदावर दोन्हींचे व्यास मोजा. नागपूरचा व्यास इंदूरच्या दुप्पट भरला, तर हिशेब बरोबर. चौपट भरला, तर संगणकाने त्रिज्येला विक्री समजले आहे. आणि दुप्पटही नाही, चौपटही नाही, असे काही भलतेच भरले, तर टोकांमध्ये बसवण्याचा तो प्रकार झाला आहे. माझ्या पहिल्या नकाशाची ही परीक्षा मी बैठकीनंतर केली. माप बरोबर निघाले. म्हणजे दोष मापात नव्हता, तो दुसऱ्या ठिकाणी होता. पण त्याकडे वळण्यापूर्वी मापाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

क्षेत्रफळ काटेकोर काढले तरी पाहणाऱ्याला ते काटेकोर दिसतेच असे नाही. जेम्स फ्लॅनरी या अमेरिकी भूगोलज्ञाने १९५६ च्या आपल्या प्रबंधात आणि पुढे १९७१ मधील एका लेखात हा प्रश्न प्रयोगांनी तपासला. त्याला असे आढळले की, मोठ्या वर्तुळांचे मोठेपण माणसे कमी लेखतात. म्हणून त्याने सुचवले की, वर्गमूळ म्हणजे ०.५ हा घातांक; त्याऐवजी सुमारे ०.५७ घ्यावा, म्हणजे मोठी वर्तुळे आणखी थोडी फुगतील आणि पाहणाऱ्याची चूक भरून निघेल. आपल्या उदाहरणात मुंबईची त्रिज्या हैदराबादच्या आठपट आहे. फ्लॅनरीच्या घातांकाने ती जवळजवळ पावणेअकरापट होईल. नकाशे काढण्याच्या काही संगणकप्रणालींत आजही त्याच्या नावाचा हा पर्याय असतो. मी मात्र तो आपल्या कामात वापरीत नाही. एक तर ही चूक सर्व माणसे सारख्या प्रमाणात करीत नाहीत; आणि दुसरे म्हणजे या उपायाने मोठी वर्तुळे आणखी मोठी होतात, आणि गर्दी असते ती मोठ्या वर्तुळांभोवतीच. त्यापेक्षा नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीत १००, ९०० आणि ६,४०० या विक्रीची तीन नमुना वर्तुळे आकड्यांसह काढावीत, आणि प्रमुख शहरांच्या वर्तुळांजवळ त्यांचा आकडाही छापावा. मग डोळ्याने केलेला अंदाज वाचणाऱ्याला तेथल्या तेथे पडताळून पाहता येतो.

आता गर्दीकडे वळू. आपला देश उत्तर-दक्षिण सुमारे ३,२०० किलोमीटर लांब आहे. ए-४ आकाराच्या कागदावर तो २० सेंटिमीटर उंचीत बसवला, तर एक मिलिमीटर म्हणजे १६ किलोमीटर. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि ठाणे स्थानक यांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३१ किलोमीटर आहे. नकाशावर ते होते जेमतेम २ मिलिमीटर. डोंबिवली मुंबईपासून सुमारे ४१ किलोमीटर, म्हणजे अडीच मिलिमीटर. ठाणे आणि डोंबिवली यांच्यात बारा किलोमीटर, म्हणजे पाऊण मिलिमीटर. पुणे सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे साडेसात मिलिमीटर. ही अंतरे आणि मघाच्या त्रिज्या शेजारी शेजारी ठेवल्या की काय होणार ते कागदावर काढण्यापूर्वीच कळते.

दोन वर्तुळांच्या बाबतीत तीनच शक्यता असतात. त्यांच्या केंद्रांमधले अंतर दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर ती एकमेकांपासून अलग राहतात. बेरजेपेक्षा कमी असेल, तर एकमेकांवर चढतात. आणि ते अंतर त्रिज्यांच्या वजाबाकीपेक्षाही कमी असेल, तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात पूर्णपणे जाते. मुंबई ८ आणि ठाणे ४, वजाबाकी ४. अंतर मात्र २. म्हणजे ठाणे मुंबईच्या पोटात गेले. मुंबई ८ आणि डोंबिवली ३, वजाबाकी ५; अंतर अडीच. डोंबिवलीही गेली. ठाणे ४ आणि डोंबिवली ३, वजाबाकी १, अंतर पाऊण. तेव्हा डोंबिवली ठाण्याच्याही पोटात आहे. मुंबई आणि पुणे यांची बेरीज १५, अंतर साडेसात. ती एकमेकांवर चढली, इतकी की पुण्याचे केंद्रच मुंबईच्या वर्तुळाखाली आले.

एवढ्याने ठाणे नाहीसे होत नाही. ते मुंबईच्या वर काढले तर दिसते, खाली काढले तर झाकते. आणि कोणते वर, कोणते खाली, हे ठरते काढण्याच्या क्रमावर. माझी यादी अकारविल्हे होती : इंदूर, ठाणे, डोंबिवली, दिल्ली, नागपूर, नाशिक, पुणे, बडोदे, बेळगाव, मुंबई, हैदराबाद. संगणकाने त्याच क्रमाने वर्तुळे काढली. ‘म’ वर्णमालेत ‘ठ’, ‘ड’ आणि ‘प’ यांच्यानंतर येतो. म्हणून मुंबईचे वर्तुळ शेवटून दुसरे काढले गेले, ठाणे व डोंबिवली यांना त्याने गडप केले आणि पुण्याचाही मोठा भाग झाकला. वर्णमालेचा आणि पुस्तकांच्या खपाचा काही संबंध नाही. पण त्या दिवशी वर्णमालेने दोन शहरांचा निकाल लावला होता.

यात किती गमावले होते हे पाहण्यासारखे आहे. ठाणे आणि डोंबिवली मिळून विक्री २,५०० प्रतींची. महाराष्ट्र राज्याच्या सीमेबाहेरची जी पाच शहरे यादीत आहेत, त्या सर्वांची मिळून विक्री १,२२५. म्हणजे नकाशाने जे लपवले ते, त्याने सीमेबाहेर जेवढे दाखवले त्याच्या दुपटीहून अधिक होते. बाहेरची शहरे मोकळ्या जागेत एकेकटी उभी असल्यामुळे डोळ्यात भरत होती. गर्दीतली शहरे, जेथे वाचक खरोखर आहेत ती, कोणाला दिसत नव्हती. शहरवार विक्रीच्या नकाशाचा हा अंगभूत धोका आहे : शहरे जवळजवळ वसतात तेथेच माणसे जास्त, माणसे जास्त तेथेच विक्री जास्त, आणि विक्री जास्त तेथेच वर्तुळे मोठी. चूक होते ती नेमकी जेथे चुकायला नको तेथेच.

मग उपाय काय? पहिला उपाय क्रमाचा, आणि तो फुकटचा आहे. यादी विक्रीच्या उतरत्या क्रमाने लावावी. मोठी वर्तुळे आधी, लहान नंतर. आता मुंबईवर ठाणे आणि ठाण्यावर डोंबिवली बसेल. प्रत्येक वर्तुळाला बारीक पांढरी कड द्यावी, म्हणजे एकाच रंगात असूनही ती वेगळी ओळखू येतात. हे नेहमीच करावे. पण आपल्या उदाहरणात एवढ्याने भागत नाही. एकाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे अशी ती आकृती नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसते, आणि ही तीन शहरे आहेत की एकाच शहराची तीन वलये, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो.

दुसरा उपाय बहुतेकांना आधी सुचतो, तो म्हणजे वर्तुळे अर्धपारदर्शक करण्याचा. एकावर एक चढलेली दोन-तीन वर्तुळे असतील तर तो चांगला आहे. पुणे-मुंबईसारख्या जोडीत दोन्हींच्या कडा पूर्ण दिसतात. परंतु त्यात एक खोच आहे. रंगावर रंग चढला की तो गडद होतो. मुंबईच्या वर्तुळात रंगाचा एक थर, ठाण्याच्या जागी दोन, डोंबिवलीच्या जागी तीन. म्हणजे सर्वांत गडद जागा कोठली, तर जेथे ९०० प्रती खपल्या ती. आणि ६,४०० प्रतींचे शहर फिकट. गडद म्हणजे अधिक, असे वाचायची आपल्याला सवय आहे. तेव्हा पारदर्शकता ठेवायचीच असेल तर आतला रंग अगदी हलका असावा आणि कड स्पष्ट असावी, म्हणजे डोळा रंगाकडे न जाता आकाराकडे जाईल.

तिसरा उपाय सगळीच वर्तुळे लहान करण्याचा. आपण ‘क’ निम्मा करू. मुंबई ४ मिलिमीटर, पुणे साडेतीन. त्यांची बेरीज साडेसात, आणि अंतरही साडेसात. दोन्ही वर्तुळे आता फक्त एकमेकांना टेकतात. नाशिकही मोकळे होते. हैदराबादची त्रिज्या अर्धा मिलिमीटर उरते, म्हणजे व्यास एक मिलिमीटर. चांगल्या छपाईत तो दिसतो. इथवर ठीक. पण ठाणे अजून मुंबईच्या आतच आहे. ते अलग करायचे तर दोन्ही त्रिज्यांची बेरीज दोन मिलिमीटरच्या आत आणावी लागेल; आणि ठाणे व डोंबिवली अलग करायची तर पाऊण मिलिमीटरच्या आत. तसे केले तर हैदराबादची त्रिज्या मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येते, आणि आपण ज्या चुकीपासून निघालो तिथेच परत पोहोचतो : गर्दीतली शहरे वाचवताना दूरची शहरे पुसली जातात. म्हणून वर्तुळे लहान करण्याचा उपाय पुण्यापर्यंत नेतो, ठाण्यापर्यंत नेत नाही. कोठे थांबायचे याची खूण सर्वांत लहान वर्तुळ देते. ते स्पष्ट दिसेनासे होण्यापूर्वी थांबावे.

जी गर्दी एवढ्यानेही सुटत नाही तिच्यासाठी चौथा उपाय, आणि माझ्या मते आपल्या कामात तोच खरा. त्या भागाचा स्वतंत्र, मोठ्या प्रमाणावरचा नकाशा त्याच कागदावर मोकळ्या जागी काढायचा. याला आपण जोडनकाशा म्हणू. भारताच्या नकाशात अरबी समुद्राची जागा रिकामीच असते. तेथे चार सेंटिमीटर चौरसाची चौकट आखून मुंबईचा परिसर एका मिलिमीटरला २ किलोमीटर या प्रमाणाने काढला, तर अंतरे आठपट होतात. मुंबई आणि ठाणे यांच्यात पंधरा मिलिमीटरांहून अधिक अंतर पडते, ठाणे आणि डोंबिवली यांच्यात सहा मिलिमीटर. आता निम्म्या मापाची वर्तुळे तेथे ठेवू : मुंबई ४, ठाणे २, डोंबिवली दीड. मुंबई आणि ठाणे यांची बेरीज ६, अंतर पंधरा. ठाणे आणि डोंबिवली यांची बेरीज साडेतीन, अंतर सहा. तिन्ही शहरे स्वच्छ अलग झाली.

येथे एक दक्षता घ्यावी लागते. जोडनकाशात जमीन आठपट मोठी झाली. वर्तुळे मात्र मूळ मापाचीच राहिली पाहिजेत. वर्तुळेही मोठी केली तर डोंबिवली नागपूरपेक्षा मोठी दिसेल, आणि दोन चौकटींतल्या शहरांची तुलना करता येणार नाही. ‘वर्तुळांचे माप दोन्ही नकाशांत एकच’ असे सूचीखाली एका ओळीत लिहावे. संगणकावर चित्र ताणून मोठे केले की वर्तुळेही ताणली जातात; म्हणून जोडनकाशा ताणून करू नये, नव्याने काढावा.

आणि मुख्य नकाशात मुंबईच्या जागी काय ठेवायचे? तिन्ही शहरांची बेरीज दाखवणारे एकच वर्तुळ. बेरीज प्रतींची करायची, त्रिज्यांची नव्हे. ६,४००, १,६०० आणि ९०० मिळून ८,९००; त्याचे वर्गमूळ सुमारे ९४; निम्म्या मापाने त्रिज्या ४.७ मिलिमीटर. त्रिज्याच मिळवल्या असत्या तर ४, २ आणि दीड मिळून साडेसात झाली असती, आणि ते वर्तुळ खऱ्या विक्रीच्या अडीचपट सांगत राहिले असते. या एकत्रित वर्तुळाची कड तुटक रेषेची ठेवावी आणि शेजारी ‘मुंबई, ठाणे, डोंबिवली मिळून’ असे लिहावे. ते आता पुण्यावर किंचित चढते. पण कडा स्पष्ट असल्यामुळे तेवढे चढणे खपून जाते.

जोडनकाशाला जागाच नसेल, तर वर्तुळ आपल्या जागेवरून थोडे सरकवून बारीक रेघेने खऱ्या ठिकाणाशी जोडता येते. ही रीत पुढे नेऊन ब्रिटिश भूगोलज्ञ डॅनियल डॉर्लिंग याने १९९० नंतरच्या दशकात असे नकाशे केले की त्यांत सर्व वर्तुळे एकमेकांना ढकलून अलग केलेली असतात, आणि देशाची रूपरेषाच बदलते. शेजार कळतो, पण ठिकाण कळत नाही. प्रदर्शनाची गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला ठिकाण लागते. म्हणून आपल्या कामात एखाद-दुसरे वर्तुळ सरकवण्यापलीकडे जाऊ नये, आणि सरकवले तर रेघ विसरू नये.

एवढे सगळे करूनही नकाशा एक गोष्ट सांगू शकत नाही, आणि ती मला त्याच वयस्कर गृहस्थांनी दाखवून दिली. दुसरा नकाशा घेऊन गेल्यावर ते म्हणाले, “आता डोंबिवली दिसते खरी, पण हा आकडा डोंबिवलीतल्या दुकानांचा आहे. मुंबईचा घाऊक विक्रेता जी पुस्तके पुढे वसई-विरारला पाठवतो, ती तुम्ही मुंबईतच मोजली आहेत.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. विक्री बिलावरच्या पत्त्याला लागते. वाचकाच्या घराला नव्हे. मुंबईच्या वर्तुळात बाहेरगावच्या वाचकांचा किती हिस्सा आहे, हे वर्तुळाचे माप कितीही अचूक असले तरी त्यातून निघत नाही. त्यासाठी घाऊक विक्रेत्यांची पुढची बिलेच पाहावी लागतात. म्हणून नकाशाच्या शीर्षकात ‘विक्री’ एवढेच न लिहिता ‘बिलाच्या पत्त्यानुसार विक्री’ असे लिहिण्याचा परिपाठ मी तेव्हापासून ठेवला आहे.

त्या दुसऱ्या बैठकीत ठाणे आणि डोंबिवली या दोन्ही ठिकाणची प्रदर्शने चालू ठेवायचे ठरले. इंदूर आणि बेळगाव येथलीही बंद झाली नाहीत; मात्र ती आता नकाशावर मोकळी दिसतात म्हणून नव्हे, तर आकडा पाहून ठेवली गेली. आपल्या हाती असा नकाशा आला, तर माझी एवढीच विनंती आहे की, त्यावरून काही ठरवण्यापूर्वी मूळ यादी शेजारी घ्यावी आणि यादीतले प्रत्येक नाव नकाशावर बोटाने दाखवता येते का ते पाहावे. जे नाव सापडत नाही, ते बहुधा सर्वांत मोठ्या वर्तुळाखाली असते.